छाटणी झाली की येतो

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एक कथा सांगणार आहे. ती तीन वर्षे पुढे ढकलल्या गेलेल्या एका भेटीची आहे. ही कथा मी पूर्वीही काही मंडळींना सांगितलेली आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतेच, की हे खरे घडले का. म्हणून आधीच सांगून टाकतो. यातला पूर खरा, संप खरा, तारखा खऱ्या. माणसे मात्र कथेतील आहेत.

भेट पुढे ढकलण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. बऱ्याच गोष्टींत लेखकाला वाटले म्हणून गाडी चुकते, लेखकाला वाटले म्हणून ताप येतो. मला अशा गोष्टी पटत नाहीत. भेट लांबायची असेल तर ती माणसांच्या कामामुळे लांबावी. आमच्या या कथेत दोन कामे आहेत, एक द्राक्षाचे आणि दुसरे तांब्याचे. भाऊसाहेब निफाड तालुक्यातल्या, गोदाकाठच्या चांदोरीचे द्राक्ष बागायतदार, आणि तात्या नाशिकच्या भांडी बाजारातले तांबट. द्राक्षाला ज्या महिन्यात उसंत असते त्या महिन्यात तांब्याला नसते, आणि तांब्याला असते तेव्हा द्राक्षाला नसते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे आपोआप उलगडते.

भाऊसाहेबांच्या घरी आईची एक तांब्याची घागर होती. आई गेल्यानंतर ती माळ्यावर पडून होती. खांद्यापाशी तिला मोठा पोचा होता आणि त्या पोच्यावर गावातल्या कुणा कारागिराने फार वर्षांपूर्वी कथलाचा जाडजूड डाग दिलेला होता. त्या डागाच्या कडेने पाणी झिरपत असे. २०१६ च्या दिवाळीनंतर भाऊसाहेबांचा पुतण्या काही खरेदीसाठी नाशिकला आला, तेव्हा त्याने ती घागर तात्यांच्या दुकानात ठेवली, काकांचा फोन नंबर दिला आणि तो निघून गेला. तात्यांनी दहा दिवसांचा वायदा केला, आणि त्यांनी तो पाळलाही. दहाव्या दिवशी घागर तयार होती.

घागर दुरुस्त करणे हे वाटते तितके सोपे काम नाही, श्रोतेहो. पातेले असेल तर आत हात जातो. घागरीच्या गळ्यातून हात जात नाही. मग टोकाला वाकवलेली लांब लोखंडी मेख आत घालून पोचा आतून उचलावा लागतो आणि बाहेरून हातोडीने तो सावकाश बसवावा लागतो. तांबे ठोकत गेले की कडक होते, आणि कडक झाल्यावरही ठोकत राहिले तर त्याला चीर जाते. म्हणून मध्ये मध्ये ते तापवून नरम करून घ्यायचे आणि पुन्हा ठोकायचे. तात्यांनी आधी घागर तापवून जुने कथील वितळवले आणि फडक्याने पुसून काढले. खालचा काळा थर चिंच आणि मीठ लावून घासला. आणि तिथे, पोच्याच्या घडीत, टोच्याने ठिपके मारून घातलेले नाव निघाले. पूर्वी भांड्यावर नाव घालत तसे. ‘सौ. गोदा. शके १८८२.’

शके १८८२ म्हणजे इसवी सन १९६०. तात्या बराच वेळ ते अक्षर पाहत बसले. नाशकात गोदा नावाच्या बायका काही थोड्या नव्हत्या. परंतु त्या ‘गो’ची मात्रा कान्याला टेकलेली नव्हती, ती थोडी वर, सुटी राहिली होती. मात्रा अशी सुटी ठेवण्याची सवय तात्यांनी एकाच माणसाच्या हातात पाहिली होती. तो हात त्यांच्या वडिलांचा. आणि गोदा हे त्यांच्या आत्याचे नाव.

आत्याचे सासर गंगेकाठच्या वाड्यात होते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. १९६९ च्या महापुरात त्या वाड्याचा तळमजला बुडाला. माणसे वर चढली म्हणून वाचली, भांडी मात्र वाहून गेली. तात्या तेव्हा नऊ वर्षांचे होते. आत्या पुढे अनेक वर्षे जगली आणि कुणीही पुराचा विषय काढला की एकच वाक्य बोलत असे: ‘भांडी गेली त्याचं काही नाही, माझ्या नावाची घागर गेली.’

आता हे फोनवर सांगायचे कसे? तात्यांना वाटले, आपण फोनवर हे बोललो तर समोरच्या माणसाला एकच अर्थ लागेल, की हा तांबट घागरीवर हक्क सांगतो आहे. समोरासमोर बसून, ते अक्षर दाखवून बोलण्याची ही गोष्ट आहे. म्हणून त्यांनी भाऊसाहेबांना फोन केला आणि एवढेच म्हटले, ‘घागर तयार आहे. पण ती पुतण्याच्या हाती देणार नाही. तुम्ही स्वतः या.’

भाऊसाहेबांना हे जरा विचित्र वाटले, पण आवडलेही. आईची वस्तू ज्याला इतकी जपून द्यावीशी वाटते, तो माणूस भेटण्यासारखा असणार. ते म्हणाले, ‘येतो की. पण सध्या बँकेच्या रांगेत उभा आहे, आणि बागेत डिपिंग चालू आहे.’ नोव्हेंबर २०१६ चा तो महिना. नोटाबंदी नुकतीच झालेली, मजुरांना द्यायला रोख पैसे नाहीत, आणि द्राक्षाचे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे दिवस काही कुणाची वाट पाहत नाहीत. ते चार दिवस हुकले की मण्यांची लांबी हुकली. म्हणून पहिली भेट पुढे गेली.

डिपिंगनंतर विरळणी आली, आणि विरळणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा आला. व्यापाऱ्याची गाडी कधी सकाळी येते, कधी तीन दिवस येत नाही, आणि माल झाडावर असताना शेतकरी बागेबाहेर पाऊल टाकत नाही. ‘खुडा झाला की येतो,’ भाऊसाहेब म्हणाले. खुडा एप्रिलच्या तोंडावर संपला. तेव्हा तात्यांची लग्नसराई सुरू झाली होती. रुखवताचे हंडे, कळशा, समया, त्यांवर नावे घालायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कालच हवी असतात. तात्या म्हणाले, ‘आत्ता आलात तर दोन शब्द बोलायलाही वेळ मिळणार नाही. लग्नं उरकू द्या.’ आणि तोपर्यंत भाऊसाहेबांची खरड छाटणी लागली होती. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते हे नाशिक जिल्ह्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी वेलीला नव्या काड्या याव्यात म्हणून, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्या काड्यांवर फळ यावे म्हणून. एप्रिलच्या काडीत डोळा चांगला भरला नाही, तर ऑक्टोबरला कितीही चांगले छाटले तरी घड येत नाहीत. म्हणून ‘छाटणी झाली की येतो.’

हे वाक्य लक्षात ठेवा. छाटणी झाली की येतो.

छाटणी झाली. जूनचा पहिला आठवडा ठरला. आणि १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहरात न्यायचा नाही असे ठरले आणि नाशिक जिल्हा त्या संपात पुढे होता. भाऊसाहेबांनी फोन केला: ‘तात्या, गावातून कुणीच शहराकडे जात नाही. मी एकटा घागर आणायला निघालो तर बरं दिसणार नाही.’ तात्यांना ते पटले. त्यांनी उलट विचारले, ‘तुमच्याकडचं सगळं ठीक आहे ना?’ घागरीखेरीज दुसऱ्या कशाविषयी ते दोघे बोलले ती ही पहिली वेळ.

पावसाळ्यात गोडी छाटणीआधी बागायतदाराला थोडी उसंत असते. त्याच दिवसांत तात्यांचा गणपती आणि दिवाळीचा माल भरण्याची घाई. तात्यांना खरी उसंत कधी, तर पितृपक्षात, कारण त्या पंधरवड्यात कुणी नवे भांडे घेत नाही. त्या वेळी भाऊसाहेब यायला तयार झाले, छाटणी दहा दिवस मागे ठेवून तयार झाले, आणि तात्याच म्हणाले, ‘पितृपक्षात नको. आईची वस्तू आहे, चांगल्या दिवशी न्या.’

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पितृपक्षाचे हे कारण खरे नव्हते. तात्या स्वतः असले काही मानत नव्हते, आणि आईच्या आठवणीला पितृपक्षाइतका योग्य काळ दुसरा कुठला? खरे कारण असे, की दहा महिने ती घागर दुकानात डोळ्यांसमोर होती आणि तात्यांना आता ती जाऊ देववत नव्हती. त्यांनी तिच्या गळ्याला तारेने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीवर लिहिले होते: ‘चांदोरी. भाऊसाहेब. स्वतः हाती द्यावी.’ ही चिठ्ठी त्यांनी गिऱ्हाइकांसाठी बांधली होती की स्वतःला आठवण राहावी म्हणून, हे सांगणे कठीण आहे. कारण मधल्या काळात तांब्याची हौस पुन्हा आली होती आणि कोणी ना कोणी त्या घागरीची किंमत विचारत असे. हल्ली तांब्याच्या बाटल्या सर्वत्र दिसतात. त्यांतल्या काहींना बाहेरून चकाकीचा असा लेप असतो की त्या कधी काळ्याच पडत नाहीत. जे काळे पडत नाही आणि चिंचेने उजळत नाही, त्याला तांबे म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही. असो.

पुढचे दीड वर्ष मी थोडक्यात सांगतो. छाटणीनंतर ढगाळ हवा आली आणि वेलींवर डाऊनी रोग पडला. फवारणीचा पंप पाठीवरून उतरला नाही. पुन्हा खुडा, पुन्हा लग्नसराई, पुन्हा छाटणी. डिसेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यात थंडीने कहर केला आणि मणी तडकू नयेत म्हणून भाऊसाहेब पहाटे बागेत शेकोट्या पेटवीत आणि वेलींना पाणी सोडीत बसले होते. त्या शेकोटीपाशी बसून त्यांनी एकदा पहाटे पाच वाजता तात्यांना फोन केला. काम काहीच नव्हते. तात्या जागेच होते. आता फोन पंधरा-पंधरा मिनिटे चालत आणि घागरीचे नाव निघे ते शेवटी, निरोप घेताना: ‘घागर?’ ‘आहे. जागच्या जागी आहे.’ ‘छाटणी झाली की येतो.’

पूर्वी पोस्टकार्ड टाकून भेट पुढे ढकलावी लागे. त्याला पैसे पडत, चार ओळी लिहाव्या लागत, कारण शोधावे लागे. फोनने ते कष्ट संपवले. माझे तर मत असे आहे, की फोन आल्यापासून माणसे एकमेकांकडे जायची राहिली. माझ्या घरी हे मत कुणालाही मान्य नाही.

आता येतो त्या दिवसाकडे. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. भाऊसाहेबांची बहीण नाशिकला रविवार कारंजाजवळ राहते. नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भावाने यायचे, ही रीत भाऊसाहेबांनी कधी चुकवलेली नाही. द्राक्षाचा हंगाम त्या वेळी आड येत नाही, हेही एक कारण असेल. दर वर्षी ते दुपारी येत आणि तासाभरात बहिणीला घेऊन निघत. या वर्षी ते शनिवारी संध्याकाळीच आले आणि मुक्कामाला राहिले. रात्रभर पाऊस कोसळत होता. गंगापूर धरणातून पाणी सोडले जात होते. रविवारी सकाळी गोदावरीला मोठा पूर आला होता.

नाशिकचा पूर मोजण्याचे माप तुम्हाला ठाऊक आहे. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला लागले का, कमरेला लागले का, छातीला लागले का, असे नाशिककर एकमेकांना विचारतो. आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले की महापूर, असे जुनी माणसे सांगतात. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता. त्याच्या डोक्यावरून पाणी जात होते.

अकराच्या सुमारास चांदोरीहून पत्नीचा फोन आला. गावात पाणी शिरले होते. घरची माणसे आणि जनावरे वरच्या बाजूला सुखरूप हलवली होती, पण रस्ता बंद होता. ‘तुम्ही येऊ नका, आलात तरी पोचणार नाही.’ भाऊसाहेबांनी तीनदा विचारले, तीनदा तेच उत्तर आले. जो माणूस वर्षभर हाताने काही ना काही करत असतो, त्याला असे बहिणीच्या घरात खुर्चीवर बसणे शक्य नसते. ते भाच्याला घेऊन बाहेर पडले. अर्धे नाशिक पूर पाहायला निघाले होते, त्यात हे दोघे.

सराफ बाजाराच्या आणि भांडी बाजाराच्या उतारावर पाणी चढत होते. दुकानदार माल हलवत होते. एका दुकानापासून वरच्या पायऱ्यांपर्यंत माणसांची साखळी उभी राहिली होती आणि हातोहात भांडी वर जात होती. हंडे, पराती, बंब, समयांची खोकी. साखळीत दोन माणसांएवढी फट होती. भाऊसाहेब काही न विचारता तिथे उभे राहिले आणि त्यांच्या पलीकडे भाचा. दुकान कोणाचे, हे त्यांनी पाहिले नाही. पाटी पाहायला वेळ नव्हता आणि पाऊस डोळ्यांत जात होता. दुकानाच्या आतून एक आवाज येत होता, ‘सांभाळून, जड आहे,’ ‘कडेला धरू नका, हाताला लागेल.’ तो आवाज आपण ओळखतो असे भाऊसाहेबांना दोनदा वाटले. पण तीन वर्षे तो आवाज त्यांनी कानाशी धरलेल्या फोनमधून ऐकला होता. पावसाच्या आणि पाण्याच्या गोंगाटात तो निराळा लागत होता.

मग एक घागर आली. भाऊसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि पुढे देण्यासाठी वळले. तेव्हा गळ्याशी बांधलेला पुठ्ठा त्यांच्या मनगटावर आपटला. शाई ओलीने पसरली होती, तरी अक्षरे वाचता येत होती. ‘चांदोरी. भाऊसाहेब. स्वतः हाती द्यावी.’

साखळी थांबली. खालून माणसे ओरडू लागली. ‘काय झालं? पुढे द्या!’ आतून तोच आवाज आला, ‘थांबू नका, पाणी चढतंय!’ भाऊसाहेबांनी घागर काही पुढे दिली नाही. त्यांनी ती छातीशी धरली आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून ते ओरडले:

‘तात्या, घागर मिळाली!’

आत क्षणभर शांत झाले. मग गुडघाभर पाण्यातून एक उघडाबोडका, ठेंगणा माणूस दारात आला आणि डोळ्यांवर हात धरून पाहू लागला. भाऊसाहेब मनात त्याला उंच समजत होते. तात्यांच्या मनातले भाऊसाहेब फेटेवाले होते. समोर होता तो प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधलेला, भिजलेला माणूस. तात्यांनी त्याच्याकडे पाहिले, घागरीकडे पाहिले, आणि त्यांच्या तोंडून निघाले ते एवढेच:

‘छाटणी झाली?’

‘अजून दोन महिने आहेत,’ भाऊसाहेब म्हणाले.

यानंतर ते तासभर एक शब्दही बोलले नाहीत, कारण अजून अर्धे दुकान खाली होते. घागर भाच्याकडे गेली आणि साखळी पुन्हा सुरू झाली.

बोलणे झाले ते संध्याकाळी, वरच्या पायऱ्यांवर. आजूबाजूला भांड्यांचे ढीग होते आणि भाऊसाहेबांच्या बहिणीने पाठवलेला चहा थर्मासमध्ये होता. तात्यांनी घागर मांडीवर घेतली आणि भाऊसाहेबांचे बोट धरून त्या ठिपक्यांवरून फिरवले. गो. दा. सुटी मात्रा. वडिलांचा हात, आत्याचे नाव, वाड्यात शिरलेले पाणी, सगळे सांगितले. भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतले आणि त्यांच्याकडे असलेला अर्धा भाग सांगितला. आई नवी नवरी असताना मोठा पूर ओसरल्यावर चांदोरीच्या काठावर गाळात उपडी रुतलेली ही घागर तिला सापडली होती. रिकामी घागर पाण्यावर तरंगते हे पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ही तर नाशिकपासून तरंगत गेली होती. पोचा तेव्हाच पडलेला होता. आई कुणी विचारले तर एवढेच म्हणे, ‘गंगेनं दिली.’ नाव तिला कधी दिसलेच नाही, कारण ते डागाखाली गेले होते.

मग सुरू झाला वाद. भाऊसाहेब म्हणत होते, नाव तुमच्या आत्याचे, घागर तुमची. तात्या म्हणत होते, पन्नास वर्षे पाणी तुमच्या आईने भरले, घागर तुमची. माझे मत विचाराल तर दोघांचेही बरोबर होते आणि म्हणूनच वाद मिटण्याची चिन्हे नव्हती. शेवटी तात्यांनी घागरीवर बोटाने टिचकी मारली. सांधा फुटका असेल तर आवाज भद्द येतो. ही घागर स्वच्छ वाजली आणि आवाज बराच वेळ राहिला.

‘पाणी भरून पाहिलंत?’ भाऊसाहेबांनी विचारले.

‘तीन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. रात्रभर भरून कोरड्या राखेवर ठेवली होती. राख ओली झाली नाही.’

‘मग पुन्हा एकदा बघा,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘आज आपटली असेल. राहू द्या इथंच. छाटणी झाली की येतो.’

तात्यांनी तारेतला भिजलेला पुठ्ठा सोडवला आणि खिशातून पेन काढून मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा तेच लिहिले. चांदोरी. भाऊसाहेब. स्वतः हाती द्यावी. तारीख मात्र त्यांनी घातली नाही.